शिक्षणाची फी : कर्जातून की पुंजीतून?

शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो. व्याज मात्र पहिली फी कॉलेजच्या खात्यावर जमा होते त्या दिवसापासून चालू असते. घरोघरी कर्ज आणि बचत यांची तुलना होते तेव्हा नेमका हा मधला काळ हिशेबातून सुटतो. कर्जाचा दर १० टक्के, ठेवीचा दर ७ टक्के, म्हणजे फरक ३ टक्क्यांचा, एवढ्यावर निर्णय होतो. प्रत्यक्षात चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हप्ता सुरू होण्याआधीच मुद्दलाच्या एकतृतीयांशाहून अधिक व्याज साचलेले असते. ते कसे साचते आणि पुढे त्याचे काय होते हे समजले की कर्ज केव्हा घ्यावे आणि ठेव केव्हा मोडावी याचे उत्तर बरेचसे स्पष्ट होते.

बँकांची शैक्षणिक कर्जे बहुतांशी इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर बेतलेली आहेत. ४ लाखांपर्यंतच्या कर्जात कुटुंबाला पदरचे काही घालावे लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी खर्चाच्या ५ टक्के रक्कम स्वतः भरावी लागते. साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. दर वर्षी कॉलेजचे फीचे पत्र शाखेत दिले की त्या वर्षाचे पैसे थेट कॉलेजला जातात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढी मुदत परतफेडीपासून सुटका असते. शाखेत या मुदतीला ‘मोरेटोरियम’ म्हणतात. या काळात सरळव्याज आकारायचे, असे आदर्श योजना सांगते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची वर्षाची फी १,८४,००० रुपयांच्या आसपास आहे असे धरू. कुटुंबाने आपला ५ टक्के वाटा दिला की बँकेकडून दर वर्षी १,७५,००० रुपये येतात, म्हणजे चार वर्षांचे कर्ज ७ लाख. व्याजदर १० टक्के. हा दर तरता असतो, रेपो दराबरोबर खालीवर होतो, पण हिशेबापुरता तो स्थिर मानू. दुसऱ्या बाजूला वडिलांच्या नावावर मुदत ठेवी आहेत आणि त्यांतून हीच फी भागू शकते.

पहिल्या वर्षी दिलेल्या १,७५,००० रुपयांवर वर्षाला १७,५०० रुपये व्याज होते. ही रक्कम चार वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष त्यानंतरचे, अशी पाच वर्षे व्याज खाते. दुसऱ्या वर्षीची रक्कम चार वर्षे, तिसऱ्या वर्षीची तीन आणि शेवटची दोन वर्षे. पाच, चार, तीन आणि दोन मिळून चौदा. चौदा वेळा १७,५०० म्हणजे २,४५,००० रुपये. मुलगा नोकरीला लागून पहिला हप्ता भरतो तेव्हा त्याच्या नावावर ७ लाख नव्हे, ९,४५,००० रुपये असतात.

यापुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. मोरेटोरियम संपला की हे साचलेले व्याज मुद्दलात मिसळले जाते आणि सगळ्या ९,४५,००० रुपयांवर हप्ता बांधला जातो. तोवर जे निव्वळ व्याज होते त्यावर आता व्याज चढू लागते. दहा वर्षांची फेड धरली तर हप्ता महिना १२,४८८ रुपये बसतो आणि एकूण भरणा १४ लाख ९९ हजारांच्या घरात जातो. व्याज साचलेच नसते तर ७ लाखांवरचा हप्ता ९,२५१ रुपये झाला असता आणि भरणा ११ लाख १० हजार. म्हणजे शिक्षणाच्या काळातले २,४५,००० रुपयांचे व्याज फेडायला प्रत्यक्षात ३ लाख ८८ हजारांहून अधिक पैसे लागतात.

मात्र ७ लाखांची फी आणि १५ लाखांचा भरणा यांची थेट तुलना चुकीची ठरेल. ठेव मोडली नाही तर तीही वाढत असते. वडिलांच्या ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते आणि ते जुन्या कररचनेत २० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत असे धरू. उपकरासह २०.८ टक्के कर गेला की हाती साडेपाच टक्क्यांहून किंचित जास्त उरतात. फीसाठी दर वर्षी मोडायचे १,७५,००० रुपये न मोडता तसेच ठेवले, तर पाच वर्षांच्या शेवटी त्यांचे सुमारे ८ लाख ४७ हजार होतात. त्याच दिवशी कर्ज असते ९ लाख ४५ हजार. दोन्हींतला फरक ९८ हजारांचा आहे. ठेव शाबूत ठेवून कर्ज घेण्याची, फक्त शिक्षणाच्या काळापुरती, ही खरी किंमत आहे. २,४५,००० रुपयांच्या व्याजातले १,४७,००० ठेवीने मिळवून दिले आणि उरलेले खिशातून गेले.

हा फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो, याचे श्रेय सरळव्याजाला आहे. पहिल्या रकमेवर पाच वर्षांत ५० टक्के व्याज चढते. चक्रवाढीच्या भाषेत तो दर वर्षाला साडेआठ टक्क्यांपेक्षाही थोडा कमी पडतो. ठेवीवर चक्रवाढ आणि कर्जावर सरळव्याज, अशी सोय दुसऱ्या कुठल्याही कर्जात सहसा नसते. पण ती हप्ता सुरू होईपर्यंतच टिकते. त्यानंतर कर्जाचा दर पुरता १० टक्के आणि ठेवीचा साडेपाच, आणि दरी दर महिन्याला रुंदावत जाते. म्हणून कर्ज घेतले असले तरी मोरेटोरियम संपताना ठेव मोडून ते फेडणे, हा पर्याय त्या दिवशी पुन्हा एकदा तपासायला हवा. तरत्या दराच्या कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड लागत नाही.

सरळव्याज खरोखरच सरळ आहे का, हे कागदावरच ताडून पाहता येते. कर्जखात्याच्या उताऱ्यात पहिल्या वर्षाचे व्याज १७,५०० दिसते. दुसऱ्या वर्षीही त्याच पहिल्या रकमेवर १७,५००च दिसले पाहिजे. ते १९,२५० दिसत असेल तर व्याजावर व्याज लागते आहे आणि शाखा व्यवस्थापकाला लेखी विचारणा करायला हवी. बिगरबँक वित्तसंस्थांच्या कर्जात हे जास्त संभवते. तिथे कर्ज लवकर मंजूर होते, पण दर चढा असतो आणि पुष्कळदा व्याज चक्रवाढ लागते. आपल्या उदाहरणातले कर्ज १२ टक्क्यांनी, दरमहा चक्रवाढीने घेतले, तर हप्ता सुरू होताना देणे १० लाख ७२ हजारांवर जाते. दरातला फरक दिसायला २ टक्क्यांचा, पण पाच वर्षांत सव्वा लाखाहून अधिक रुपयांचा होतो. मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी ‘सरळ’ हा एक शब्द शोधणे म्हणूनच गरजेचे आहे.

शिक्षण एका वर्षाने लांबले तर काय होते, हेही पाहून ठेवावे. मुलाचे एखादे वर्ष गेले आणि बँकेने मुदत वाढवून दिली, तर तोवर उचललेल्या सगळ्या रकमेवर आणखी एका वर्षाचे व्याज चढते. पूर्ण ७ लाख उचलले असतील तर ते ७०,००० रुपये. ठेवीतून फी भरणाऱ्या घराला मात्र अशा वर्षी पुन्हा फी पडली तर तेवढीच झळ बसते.

आता व्याज साचूच न देण्याचा मार्ग. शिक्षण चालू असताना दरमहा फक्त व्याज भरता येते. पहिल्या वर्षी ते महिन्याला सुमारे १,४६० रुपये असते, दुसऱ्या वर्षी २,९२०, तिसऱ्या वर्षी ४,३७५ आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ५,८३३. घरखर्चातून एवढे निघत असेल तर मुलाच्या पगारातून दहा वर्षे जाणारे दरमहाचे ३,२३७ रुपये वाचतात. अशा नियमित व्याजभरण्याबद्दल दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची मुभा आदर्श योजनेत बँकांना आहे. पण ती मुभा आहे, सक्ती नाही, त्यामुळे सवलत मिळणार असेल तर ती मंजुरीपत्रात लिहून घ्यावी. मुलींसाठी अनेक बँकांत अर्धा टक्का वेगळी सवलत असते.

व्याज भरण्याच्या या मार्गात आयकराचा एक अडसर आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०ई प्रमाणे शैक्षणिक कर्जाचे व्याज उत्पन्नातून वजा होते, त्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती वर्षांची. ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते ते वर्ष आणि त्यापुढची सात, अशी एकूण आठ वर्षे. शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी हजार रुपये व्याज भरले तरी आठ वर्षांचे मोजमाप तिथून सुरू होते. त्यातली पाच वर्षे किरकोळ व्याजात जातात आणि हप्त्यांतले व्याज सगळ्यात जड असते तेव्हा हातात तीनच वर्षे उरतात. ज्याला ही वजावट मोठ्या प्रमाणावर मिळणार आहे त्याने दोन्ही बाजूंचे आकडे मांडूनच व्याज आधी भरायचे की नाही ते ठरवावे.

अर्थात ही वजावट फक्त जुन्या कररचनेत आहे. २०२३-२४पासून नवी रचना हीच मूळ रचना झाली आणि जुनी मुद्दाम निवडावी लागते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाकडे घरकर्ज नसते, मोठी विमा किंवा भविष्यनिर्वाह गुंतवणूकही नसते, म्हणून त्याला बहुधा नवी रचनाच सोयीची पडते आणि ८०ईचा लाभ शून्य होतो. ‘कर वाचतो म्हणून कर्ज घ्या’ हा सल्ला आज सरसकट देण्याजोगा राहिलेला नाही. जिथे लाभ मिळतो तिथेही त्याची मजल मर्यादित आहे. २०.८ टक्के कर वाचला तर १० टक्क्यांचे कर्ज ७.९२ टक्क्यांना पडते. पण त्याच करदात्याची ७ टक्क्यांची ठेव करानंतर ५.५४ टक्के देते. कर्ज तरीही महागच राहते.

बचत कुठे आहे यावर मात्र बरेच अवलंबून असते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे पीपीएफवर, एप्रिल २०२०पासून ७.१ टक्के व्याज मिळत आले आहे आणि त्यावर कर नाही. आपल्या उदाहरणातली रक्कम पीपीएफमध्ये असती आणि तिला हात लावला नसता, तर पाच वर्षांनी ती ८ लाख ९२ हजार झाली असती. कर्जाशी फरक ५२ हजारांचा. सुकन्या समृद्धी खात्याच्या ८.२ टक्क्यांनी तीच रक्कम ९ लाख २६ हजारांजवळ जाते आणि फरक जेमतेम १९ हजारांचा उरतो. म्हणजे मोडायचीच वेळ आली तर आधी करपात्र मुदत ठेव, मग पीपीएफ आणि सगळ्यांत शेवटी सुकन्या, असा क्रम आकडेच सांगतात. म्युच्युअल फंडातले पैसे या हिशेबात बसवता येत नाहीत, कारण त्यांचा परतावा ठरलेला नसतो. ऐन फीच्या महिन्यात बाजार खाली असेल तर तोटा पदरी घेऊन युनिटे विकावी लागतात. दोन वर्षांत लागणारी फी तिथे ठेवू नये.

सरकारी व्याज अनुदान मिळत असेल तर सगळे चित्र पालटते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळातले पूर्ण व्याज केंद्र सरकार भरते. मग हप्ता सुरू होताना देणे ७ लाखच राहते आणि ठेव मात्र वाढलेली असते. इतक्या कमी उत्पन्नात ठेवीवर कर बसला नाही तर ती ८ लाख ४७ हजारांच्याही पुढे गेलेली असते. असे कुटुंब ठेव मोडून फी भरते तेव्हा ते दीड लाखाच्या आसपास रक्कम हातची घालवते.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, याच काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. संस्था मात्र योजनेच्या यादीत असावी लागते. सुरुवातीला या यादीत ८६० संस्था होत्या. सवलतीनंतर आपल्या उदाहरणातला दर ७ टक्क्यांवर येतो, साचलेले व्याज १,७१,५०० होते आणि देणे ८ लाख ७१ हजार. ठेवीचे ८ लाख ४७ हजार आणि हे, यांत फक्त २४-२५ हजारांचे अंतर राहते. एवढ्या पैशात पाच वर्षे सगळी पुंजी हाताशी राहणार असेल तर कर्ज घेणे शहाणपणाचे आहे. एक सावधगिरी बाळगावी लागते. व्याज अनुदान शिक्षण पूर्ण करणाऱ्यासाठी असते, आजारपणासारखे कारण नसताना शिक्षण मध्येच सोडले तर ते थांबते.

कर्जाचा अर्ज करण्याआधी फी मुळात किती भरायची आहे हेही पाहावे. महाराष्ट्रात २०२४-२५पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. जी फी माफ होणार आहे तिच्यासाठी कर्ज उचलून व्याज भरत बसणे टाळता येते.

अनुदान बसत नाही अशा मध्यमवर्गीय घरासाठी आकड्यांचा कौल बचतीच्या बाजूने आहे. पण पुंजी मोडण्याचा धोका व्याजाच्या तक्त्यात दिसत नाही. वडील पन्नाशीला आलेले असतात, निवृत्तीला आठ-दहा वर्षे उरलेली असतात. ठेव फीमध्ये गेली आणि घरात आजारपण आले, तर त्या वेळी मिळणारे वैयक्तिक कर्ज शैक्षणिक कर्जाहून बरेच महाग असते आणि त्याचा हप्ता दुसऱ्याच महिन्यात सुरू होतो. शिवाय बचतीच्या मार्गाचा फायदा एका अटीवर उभा आहे. बँकेला जो १२,४८८ रुपयांचा हप्ता गेला असता, तेवढी रक्कम मुलाने नोकरी लागल्यावर दहा वर्षे दरमहा आई-वडिलांच्या खात्यात घातली, तर साडेपाच टक्क्यांनी तिचे १९ लाख ८० हजारांच्या आसपास होतात. कर्ज घेऊन जपलेली ठेव तेवढ्याच काळात साडेचौदा लाखांपर्यंत जाते. अंतर सव्वापाच लाखांचे, आणि तेही बचतीच्या बाजूने. पण बँकेचा हप्ता चुकवता येत नाही, घरचा चुकतो. लग्न, घर, गाडी यांत तो मागे पडला की आई-वडिलांची पुंजी परत भरून येत नाही आणि हा सगळा फायदा कागदावर राहतो.

या दोन टोकांच्या मधला मार्ग बहुतेकांना झेपणारा आहे आणि त्याची दिशा व्याजाच्या त्या चौदा वर्षांतच दडलेली आहे. पहिल्या दोन वर्षांच्या रकमा नऊ वर्षांचे व्याज खातात, शेवटच्या दोन फक्त पाच वर्षांचे. म्हणून पहिल्या दोन वर्षांची फी ठेवीतून आणि शेवटच्या दोन वर्षांची कर्जातून भरावी. साचणारे व्याज २,४५,००० वरून ८७,५०० वर येते, हप्ता सुरू होताना देणे ४,३७,५०० असते आणि दहा वर्षांचा हप्ता ५,७८२ रुपये. निम्मी पुंजीही शाबूत राहते. पुष्कळ घरांत याच्या उलट होते. आधी कर्ज घेतले जाते आणि ‘पुढे जमेल तसे भरू’ म्हणून ठेव शेवटच्या वर्षांसाठी राखली जाते. त्याच रकमेसाठी ती घरे ७०,००० रुपये जास्त व्याज साचवून घेतात.

या मार्गासाठी तयारी प्रवेशाच्या वेळीच करावी लागते. वडिलांची नोकरी आणि उत्पन्नाचे कागद ठीक असतानाच कर्ज मंजूर करून घ्यावे. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. पहिली उचल तिसऱ्या वर्षी केली तर मंजुरी टिकेल का, हे शाखेकडून लेखी घ्यावे. मुदत ठेवीही एका मोठ्या पावतीऐवजी फीच्या महिन्यांत एकेक संपेल अशा पाडून ठेवाव्यात, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा दंड बसत नाही.

कर्ज आधीच घेतलेल्या आणि व्याज साचत असलेल्या घरांनाही एक संधी शिल्लक असते. मोरेटोरियम संपण्याच्या आधीच्या महिन्यात शाखेत जाऊन साचलेल्या व्याजाचा आकडा मागावा आणि ते व्याज मुद्दलात मिसळण्यापूर्वी ठेवीतून भरून टाकावे. आपल्या उदाहरणात त्या दिवशी भरलेल्या २,४५,००० रुपयांनी हप्ता १२,४८८ वरून ९,२५१ वर येतो.